एका फटक्याची कमाई

'विनाकारण मारतो' हा शेरा शाळांमध्ये फार वेळा वाचायला मिळतो. पालकांना पाठवलेल्या चिठ्ठीत, मुख्याध्यापकांच्या वहीत, मुलाला समुपदेशकाकडे पाठवताना जोडलेल्या कागदावर, सगळीकडे तेच दोन शब्द. लिहिणाऱ्या बाई खोटं बोलत नसतात. चाळीस मुलांच्या वर्गात त्या फळ्याकडे तोंड करून लिहीत असतात, मागे कुणीतरी किंचाळतं, वळून पाहावं तर एक रडतोय आणि शेजारचा गप्प बसलाय. फटक्याच्या आधीचं अर्धं मिनिट त्यांनी पाहिलेलंच नसतं. नंतरचं अर्धं मिनिट त्या स्वतःच घडवत असतात, म्हणून तेही त्यांच्या नजरेतून सुटतं.

फंक्शनल बिहेवियर असेसमेंट, म्हणजे वर्तनाचं कार्यात्मक मूल्यमापन, ही पद्धत या दोन अर्ध्या मिनिटांचा माग काढते. मुलगा असा का निपजला, संस्कार कमी पडले की मोबाईल जास्त झाला, हे प्रश्न ती बाजूला ठेवते. ती दोनच गोष्टी विचारते: मारण्याच्या आधी नेमकं काय घडलं आणि मारल्यामुळे त्याच्या पदरात काय पडलं? एखादं वागणं पुन्हापुन्हा होत असेल तर त्यातून काहीतरी हाती लागत असलं पाहिजे, हे तिचं गृहीतक. शाळेत हे मिळणं साधारण चार प्रकारचं असतं. कुणाचं तरी लक्ष मिळतं, हवी ती वस्तू किंवा जागा मिळते, नको असलेल्या कामातून सुटका होते, नाहीतर त्या हालचालीतूनच शरीराला बरं वाटतं. मुलाने हे सगळं ठरवून केलेलं असतं असं मात्र नाही. सात वर्षांच्या पोराला विचारलंत तर तो खांदे उडवेल. त्याला खरंच सांगता येत नाही.

या विचाराला प्रयोगाचा आधार मिळाला तो अमेरिकेत. बाल्टिमोरमध्ये ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली नऊ मुलं दुसऱ्यांना नाही, स्वतःलाच इजा करून घेणारी होती. कुणी डोकं आपटायचं, कुणी स्वतःला चावायचं. प्रत्येक मुलाला पंधरा-पंधरा मिनिटं वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवून पाहिलं. एकात इजा केली की मोठं माणूस काळजीने बोलायचं, एकात अभ्यास द्यायचा आणि इजा केली की तो थांबायचा, एकात मूल एकटं असायचं, एकात खेळणी आणि सोबत दोन्ही असायचं. नऊपैकी सहा मुलांमध्ये इजेचं प्रमाण एका विशिष्ट परिस्थितीत ठळकपणे वाढलेलं दिसलं, आणि ती परिस्थिती सगळ्यांची एक नव्हती. वरवर पाहता कृती सारखी, पण तिची कमाई मुलागणिक वेगळी. पुढे १९९७ साली अमेरिकेने अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षणविषयक कायद्यात दुरुस्ती केली आणि शिस्तभंगाच्या काही प्रकरणांत शाळांवर अशा मूल्यमापनाचं बंधन आलं. आपल्याकडे असं बंधन नाही. तरी विशेष शिक्षक आणि शाळेतले समुपदेशक ही पद्धत वापरू लागले आहेत, आणि तिला कागद, पेन्सिल आणि धीर यापलीकडे फारसं काही लागत नाही.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते एका मुलावरून पाहू. त्याला सोहम म्हणू. हे उदाहरण अनेक मुलांच्या नोंदींवरून बेतलेलं आहे, कुणा एकाचं नाही. शहराच्या कडेची मराठी माध्यमाची अनुदानित शाळा, सकाळचं अधिवेशन, दुसरीचा वर्ग, पटावर अडतीस. सोहम सात वर्षांचा. तोंडी गणितात हुशार, कविता खणखणीत म्हणतो. तक्रार एकच, की दिवसभर कुणालातरी मारत असतो. दोन पालकांनी लेखी अर्ज दिलेत, एकाने 'या मुलाला शाळेतून काढा' असंही म्हटलंय. आई म्हणते, "घरी धाकटीला बोटसुद्धा लावत नाही हो, मॅडम. शाळेतच काय होतं त्याला कळत नाही." असं ऐकलं की शाळेला वाटतं आई पाठीशी घालतेय, आणि आईला वाटतं बाईंचा पोरावर राग आहे. बहुतेक वेळा दोघींचंही निरीक्षण बरोबर असतं. घरी ती परिस्थितीच येत नसते.

पहिलं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं की पुढचं सगळं वाया जातं. 'मारतो' म्हणजे काय ते लिहून काढायचं. या वर्गासाठी ठरलं ते असं: हाताने, मुठीने किंवा हातातल्या वस्तूने दुसऱ्या मुलाच्या अंगाला जोरात लागेल असा फटका. पाय लागणं, रांगेत अंगावर पडणं, मधल्या सुट्टीतली हसतखेळत टपली हे त्यात धरायचं नाही. रांगेत मुद्दाम ढकलणं धरायचं, पण वेगळी खूण करून. इतकी काटेकोर व्याख्या अशासाठी, की वर्गशिक्षिका आणि समुपदेशक यांनी एकाच वेळी बघून स्वतंत्र मोजलं तर आकडा जुळला पाहिजे. ज्या मुलावर शिक्का बसलाय त्याचा धक्काही लोक फटक्यात धरतात आणि 'चांगल्या' मुलाचा फटकाही सोडून देतात.

मग मोजणी. शिकवता शिकवता वहीत लिहिणं बाईंना जमत नाही, ते अपेक्षितही नाही. यासाठी एक साधी युक्ती आहे. साडीच्या किंवा ड्रेसच्या एका बाजूच्या खिशात, नाहीतर टेबलावरच्या डबीत राजम्याचे दाणे ठेवायचे, फटका दिसला की एक दाणा दुसरीकडे टाकायचा, आणि तास संपल्यावर वेळापत्रकाच्या तक्त्यात तेवढ्या रेघा ओढायच्या. आडव्या ओळीत वार, उभ्या रकान्यात तास. दोन आठवड्यांत, म्हणजे शाळेच्या दहा दिवसांत, हा तक्ता भरला तेव्हा एकूण तेवीस फटके निघाले. 'दिवसभर मारतो' ही तक्रार तिथेच ढिली पडली. पंधरा फटके फळ्यावरून उतरवून घेण्याच्या वेळचे होते, पाच खिचडीच्या रांगेतले, आणि उरलेले तीन इकडेतिकडे. कविता, तोंडी गणित, गोष्ट, खेळाचा तास इथे रकाने जवळजवळ कोरे. सरसकट आक्रमक मूल खेळाच्या तासाला कोरं राहत नाही.

रिकाम्या रकान्यांकडे लोकांचं लक्ष जात नाही, पण मला तेच जास्त बोलके वाटतात. त्या दहा दिवसांत उतरवून घेण्याचे वीस प्रसंग झाले होते. तेरा प्रसंगांत फटके पडले, सातांत नाही. या सातांपैकी पाच वेळा फळ्यावर फक्त तारीख, शीर्षक आणि दोन ओळी होत्या. म्हणजे लेखन समोर आलं की हात उठतो असंही नाही. ते किती आहे यावर काहीतरी अवलंबून आहे.

तक्ता फक्त 'कधी' ते सांगतो. 'कसं' ते कळायला कुणीतरी वर्गात मागे बसून बघावं लागतं. इथे समुपदेशक तीन वेगवेगळ्या दिवशी लेखनाच्या वेळी बसल्या. त्यांच्या वहीत प्रत्येक घटनेला तीन रकाने होते: आधी काय, काय केलं, नंतर काय. एक नोंद अशी: "९.४०. बाई फळ्यावर आठ ओळी लिहून झाल्या. सोहमची तिसरी ओळ चालू. बाईंनी डस्टर घेतलं, डावा अर्धा फळा पुसला. सोहमने पेन्सिल खाली ठेवली, फळ्याकडे पाहिलं, शेजाऱ्याच्या वहीकडे पाहिलं. शेजाऱ्याने वही हाताने झाकली. सोहमने त्याच्या दंडावर मूठ मारली. शेजारी ओरडला, 'बाई, हा मारतोय बघा!' बाई: 'परत सुरू झालं तुझं? ऊठ, दाराजवळ उभा राहा.' सोहम दाराजवळ गेला. वही बाकावर उघडी. ९.५८ ला तास संपला." नोंदीत 'चिडला', 'मुद्दाम', 'हट्टीपणाने' असे शब्द नाहीत. जे कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच लिहायचं. हा नियम पाळणं भल्याभल्यांना जड जातं.

समुपदेशकांनी आणखी एक गोष्ट मोजली, जी कुठल्याही छापील फॉर्मवर नसते. पाच शब्दांची एक ओळ उतरवताना सोहमने एकोणीस वेळा मान वर केली. शेजाऱ्याने सहा वेळा. ज्याचं वाचन-लेखन सरावलंय तो 'अंगणात' हा शब्द एका नजरेत उचलतो आणि वहीत ठेवतो. सोहम 'अं' बघत होता, मग 'ग', मग 'णा', आणि दर वेळी फळ्यावर आपली जागा नव्याने शोधत होता. जोडाक्षर आलं की तिथेच अडकत होता. डोळ्यांची तपासणी आधीच झाली होती, नजर ठीक होती. ही तपासणी, आणि कान, झोप, पोटदुखी, फिट्स यांची चौकशी, आराखड्याच्या आधी व्हायलाच हवी. ज्याला फळा दिसतच नाही त्याला वर्तनाची योजना नको, चष्मा हवा.

सोहमशीही बोलणं झालं. "का मारतोस?" हा प्रश्न टाळून त्याला विचारलं, की शाळेतलं सगळ्यात वाईट काय? तो म्हणाला, "बाई पुसतात." आधी कुणाला कळलंच नाही. मग नोंदी पुन्हा पाहिल्या. पंधरापैकी नऊ फटके फळ्याचा एखादा भाग पुसला गेल्यानंतर दोन-तीन मिनिटांच्या आत पडलेले होते. ठिणगी पडत होती ती डस्टर उचलण्याच्या क्षणाला.

आता कमाईकडे येऊ. पंधरापैकी बारा वेळा फटक्यानंतर सोहमचं लेखन तिथेच थांबलं. कधी दाराजवळ उभं राहणं, कधी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसणं, कधी हजेरीपत्रक पोचवायला पाठवणं. शिक्षा म्हणून दिलेलं ते बाहेर जाणं त्याच्यासाठी सुटका होती. मार बसणाराही बहुतेक डावीकडचाच मुलगा असायचा, म्हणून त्या दोघांचं वैर आहे असा सगळ्यांचा समज. पालकांच्या आग्रहावरून मध्यंतरी जागा बदलली होती, तर आठवड्याभरात नव्या शेजाऱ्याला फटके बसू लागले. जो हाताच्या अंतरावर आहे आणि पटकन ओरडतो तो उपयोगी. तो जितक्या लवकर ओरडेल तितक्या लवकर दार.

या व्यवहाराची दुसरी बाजू सहसा बोलली जात नाही. सोहमला बाहेर पाठवलं की उरलेली वीस मिनिटं वर्ग शांत असायचा. म्हणजे बाहेर पाठवण्याची सवय बाईंनाही लागत होती, अगदी त्याच नियमाने. दोघं एकमेकांना शिकवत होते. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या आधी रागावल्या, मग हसल्या. हे सांगताना दोषारोपाचा सूर आला की मूल्यमापन तिथेच संपतं, पुढे कुणी नोंद ठेवत नाही.

इतक्या नोंदी हातात आल्यावर निष्कर्ष काढायची घाई होते. तिथे थांबायला हवं, कारण या तीन रकान्यांत एक ठरलेला चकवा आहे. तेवीसच्या तेवीस फटक्यांनंतर बाई सोहमला काहीतरी बोलल्या होत्या. फक्त 'नंतर काय' हा रकाना वाचला तर उत्तर शंभर टक्के 'लक्ष वेधून घेण्यासाठी' असं येईल. वर्गात कुणी कुणाला मारलं तर शिक्षक बोलणारच, मुलाला ते हवं असो वा नसो. म्हणून निव्वळ निरीक्षणावर विसंबलेल्या मूल्यमापनात 'लक्ष हवंय' हे उत्तर गरजेपेक्षा जास्त वेळा निघतं. आणि ते निघालं की सल्ला येतो, 'दुर्लक्ष करा'. सुटका हवी असलेल्या मुलाकडे दुर्लक्ष करून काहीच होत नाही, मार खाणारं मूल मात्र वाऱ्यावर पडतं.

दोन शक्यता असतील तर त्या पडताळून पाहायच्या. प्रयोगशाळेत इवाटांनी केलं तसं, म्हणजे त्या कृतीला मुद्दाम फळ देऊन बघणं, इथे चालणार नाही. फटका दुसऱ्या मुलाच्या अंगावर पडतो. म्हणून नंतरचं न बदलता फक्त आधीचं बदलायचं. दोन आठवड्यांत आठ दिवस निवडले आणि एकाआड एक असे दोन प्रकार केले. चार दिवस लेखन नेहमीइतकंच, पण बाई दर दोन मिनिटांनी सोहमच्या बाकाशी येऊन दोन शब्द बोलणार, पाठीवर हात ठेवणार. उरलेले चार दिवस बाई नेहमीसारख्याच लांब, पण त्याला आठऐवजी तीन ओळी, आणि त्याही जाड पुठ्ठ्यावर लिहून त्याच्या बाकावर ठेवलेल्या, म्हणजे पुसल्या जाण्याचा प्रश्नच नाही. भरपूर लक्ष मिळालं त्या चार दिवसांत लेखनाच्या वेळी सहा फटके पडले, पूर्वीइतकेच. तीन ओळींच्या चार दिवसांत एक. आठ दिवसांचा पुरावा काही फार मोठा नाही. पण एका वर्गात एका मुलाची योजना सुरू करायला तो पुरतो, आणि ओळी कमी करायच्या की पुठ्ठा द्यायचा हे पुढे सुटं करून बघता येतं.

निष्कर्ष एका वाक्यात लिहायचा असतो, आणि ते वाक्य चुकीचं ठरवता येईल असं हवं. सोहमचं असं झालं: फळ्यावरून तीन-चार ओळींहून जास्त उतरवायचं असतं आणि त्याचं पूर्ण होण्याआधी फळा पुसला जातो, तेव्हा तो शेजाऱ्याला मारतो, आणि त्यामुळे लेखनातून सुटतो, रात्री झोप कमी झालेली असली तर हे लवकर होतं. शेवटचा तुकडा आईच्या सांगण्यावरून आला. वडिलांची पाळी रात्री संपते त्या दिवसांत पोरगं अकराशिवाय झोपत नाही आणि सकाळी सातची शाळा. अपुरी झोप स्वतः कुणाला मारायला लावत नाही. ती लेखन अधिक नकोसं करते, म्हणून त्यातून सुटण्याची किंमत वाढते.

खिचडीच्या रांगेतले पाच फटके या वाक्यात बसत नाहीत, आणि ओढूनताणून बसवायचेही नाहीत. तिथे तो पुढच्याला ढकलून किंवा मारून त्याची जागा घेत होता आणि ती जागा त्याला मिळत होती. त्याच हाताचा तोच फटका, कमाई दुसरी. त्यावर उपाय स्वस्त निघाला: व्हरांड्यात खडूने गोल काढले, प्रत्येकाला आठवड्यापुरता गोलाचा नंबर दिला, आणि मारून मिळालेली जागा परत घ्यायची असं ठरलं. चार दिवसांत ते प्रकरण मिटलं.

लेखनाचं इतक्या सहज मिटत नाही, कारण मुलाला सुटका खरोखर हवी असते आणि ती मागायचा एकच रस्ता त्याला ठाऊक असतो. म्हणून योजनेचा गाभा म्हणजे तीच कमाई दुसऱ्या, कुणाला न दुखावणाऱ्या मार्गाने मिळवायला शिकवणं. या कल्पनेमागे एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांचा १९८५ सालचा अभ्यास आहे. वर्गात त्रासदायक वागणाऱ्या चार मुलांना त्यांनी बोलायला वाक्यं शिकवली. कामात अडल्यामुळे बिघडणाऱ्या मुलाला 'मला समजत नाही' हे वाक्य, लक्ष हवं असणाऱ्याला 'माझं काम बरं चाललंय का?' हे वाक्य. योग्य वाक्य योग्य गरजेला जोडलं तेव्हा त्रासदायक वागणं घटलं. तितकंच सभ्य पण गरजेशी न जुळणारं वाक्य शिकवलं तेव्हा घटलं नाही. 'सॉरी म्हण', 'हात जोड' असल्या शिकवणीतून का काही निघत नाही ते यावरून कळतं. सोहमला माफी नको होती, विश्रांती हवी होती.

त्याला एक पिवळं कार्ड दिलं. ते बाकावर उभं केलं की पेन्सिल खाली ठेवायची, माठापर्यंत जाऊन पाणी प्यायचं, दोन मिनिटांनी परत. हे त्याला मारामारीच्या वेळी सांगून चालत नाही. सकाळी शांत असताना, बाईंबरोबर, पाच-सहा वेळा करून दाखवून सराव घेतला. अट अशी की पहिले दोन आठवडे कार्ड दिसलं की बाईंनी दर वेळी, लगेच मान डोलवायची. इथे मोठी माणसं कच खातात. "आत्ताच तर जाऊन आलास ना?" असं एकदा म्हटलं की कार्डाचा भाव पडतो, आणि फटक्याचा भाव तर पक्का असतो. दोन रस्त्यांपैकी जो कमी कष्टात, लवकर आणि खात्रीने पोचवतो तोच मूल धरतं. कार्ड फटक्याहून सोपं असायला हवं, निदान सुरुवातीला.

सोबत कामही बदललं: तीन ओळी, पुठ्ठा बाकावर, आणि त्या झाल्या की पुढच्या दोन. आणि एवढं करूनही फटका पडलाच तर? आधी मार बसलेल्या मुलाकडे जायचं, त्याला जवळ घ्यायचं. सोहमला एकच वाक्य: "मारायचं नाही. थांबायचं असेल तर कार्ड." भाषण नाही, दाराजवळ पाठवणं नाही. वही तिथेच राहते. एक ओळ बाईंच्या मदतीने पूर्ण होते, मग कार्ड चालतं. म्हणजे मारून मिळणारी सुटका बंद, मागून मिळणारी चालू.

सुटका बंद केली की पहिल्या आठवड्यात फटके वाढू शकतात, हे आधी सगळ्यांना सांगून ठेवावं लागतं. नेहमी चालणारं बटण चाललं नाही की आपणही ते दोन-चारदा जोरात दाबतो. सोहमचे लेखनाच्या वेळचे फटके योजनेआधी आठवड्याला सात-आठ होते, पहिल्या आठवड्यात दहा झाले. मुख्याध्यापकांकडे फोन आला, आणि बहुतेक शाळा योजना सोडतात त्या याच आठवड्यात. वाढ येणार हे धरून त्याच्या शेजारची जागा आधीच रिकामी ठेवली होती आणि वर्गात आणखी एक मोठं माणूस बसवलं होतं, म्हणून निभावलं. ज्या वर्गात इतकी सोय होणार नाही तिथे सुटका एकदम बंद न करता आधी कार्ड आणि छोटं काम रुळू द्यावं. शेजाऱ्याच्या पालकांना 'आमचा प्रयोग चालू आहे' हे उत्तर देता येत नाही, आणि देऊही नये.

दुसऱ्या आठवड्यात फटके पाच, तिसऱ्यात दोन. चौथ्यात पुन्हा चार. कारण शोधलं तर बाई दोन दिवस रजेवर होत्या, बदली शिक्षकांना कार्डाचं माहीत नव्हतं, आणि त्यांनी नेहमीप्रमाणे त्याला बाहेर उभं केलं. अशा वेळी 'या मुलावर काही चालत नाही' असं म्हणण्याआधी योजना खरोखर पाळली गेली का ते तपासायचं. दहा वेळा कार्ड दाखवलं त्यातल्या किती वेळा ते मानलं गेलं, एवढं मोजलं तरी कळतं. कार्ड बरोबर मानलं जातंय, मूल ते वापरतंय, आणि तरी तीन आठवड्यांत फटके हलले नाहीत, तर मात्र मुलाला किंवा बाईंना बोल लावायचा नाही. ते एका वाक्यातलं निदान चुकलंय असं धरून पुन्हा नोंदींकडे जायचं.

सहाव्या आठवड्यात लेखनाच्या वेळी एकही फटका नव्हता. तोवर कार्डाचा वापर दिवसाला सहा-सात वेळांवरून तीनवर आला होता, कारण आधी तीन ओळी झाल्यावर, मग चार, मग पाच झाल्यावरच कार्ड चालेल असं हळूहळू वाढवत नेलं. आणि मूळ दुखणं, म्हणजे लेखन, त्यावर विशेष शिक्षिका आठवड्यातून दोनदा काम करत होत्या. शब्द एका नजरेत उचलायचा सराव, जोडाक्षरं, पेन्सिल धरण्याची पद्धत. ही अध्ययन अक्षमता आहे का, हे इतक्यात ठरवता येत नाही. आठ वर्षांच्या आत तसं प्रमाणपत्र सहसा देत नाहीत. वर्तनाचं मूल्यमापन ते ठरवतही नाही. ते कुठल्याच आजाराचं निदान करत नाही, फक्त या वर्गात, या कामाशी, हा फटका कसा जोडला गेलाय ते दाखवतं.

याच्या मर्यादा इथूनच सुरू होतात. महिन्यातून एकदाच पण भयंकर मारणाऱ्या मुलाच्या बाबतीत तक्ता भरतच नाही, नमुना दिसायला घटना पुरेशा नसतात. शौचालयात, बसमध्ये, मोठ्यांची नजर चुकवून होणारी दादागिरी मागच्या बाकावर बसून दिसत नाही, तिथे आधी मार खाणाऱ्या मुलांशी बोलावं लागतं. आणि मूल स्वतः घरी मार खात असल्याचं कळलं तर नोंदवही बाजूला ठेवून आधी त्याच्या सुरक्षिततेचं बघायचं. १०९८ या हेल्पलाइनवर कुणालाही कळवता येतं.

आणि पट्टी? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली आहे, आणि कलम १६ नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढताही येत नाही. पण कायदा बाजूला ठेवून निव्वळ हिशेबाने पाहिलं तरी पट्टी सोहमसाठी कुचकामी होती. आधीच्या वर्षी ती दोनदा बसली होती. दोन्ही वेळा त्याचं लेखन तिथेच थांबलं होतं.

वार्षिक परीक्षेनंतर तिसरीच्या वर्गशिक्षिकेकडे एक पान गेलं. त्यावर सोहमचा स्वभाव, घर, वडिलांची पाळी यांचं वर्णन नव्हतं. कार्ड कसं चालतं, एका वेळी किती ओळी जमतात, फळा पुसण्याआधी त्याच्या वहीवर नजर टाकावी, आणि फटका पडला तर कोणतं एक वाक्य बोलावं, एवढंच होतं. खाली समुपदेशकांनी पेनाने लिहिलं होतं, की तिसरीत प्रश्नोत्तरं लांब होतात, तेव्हा जुलैत दहा दिवस तक्ता पुन्हा भरावा, दाणे सोबत पाठवले आहेत.